एका रजेत चार दिवस: आधी मंगळवार-गुरुवार शोधा

सुट्ट्यांच्या यादीचा स्क्रीनशॉट फोनमध्ये पडून असतो आणि रजा मात्र भलत्याच दिवशी खर्च होतात.

१. स्क्रीनशॉट ऑफिसच्या यादीचाच घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या सगळ्या लाल तारखा ऑफिसला लागू नसतात.

२. फोनच्या एडिटमध्ये सोमवारी किंवा शुक्रवारी येणाऱ्या सुट्ट्यांवर टिक करा. तिथे रजा लागतच नाही. मंगळवारी किंवा गुरुवारी येणाऱ्या सुट्ट्यांना गोल करा. बुधवार सोडून द्या, त्याला दोन रजा लागतात.

३. एका गोलाला एक रजा. उदाहरणार्थ २०२६: गुढीपाडवा गुरुवारी, १९ मार्चला, २० ची रजा टाकली की १९ ते २२ मोकळे. आंबेडकर जयंती मंगळवारी, १४ एप्रिलला. १३ ची रजा, ११ ते १४ मोकळे. दसराही मंगळवारीच, २० ऑक्टोबरला.

४. शिल्लक रजांतून आजारपणासाठीच्या आधी बाजूला काढा, उरलेल्याच गोलांवर वाटा. वर्षअखेरीस बुडणाऱ्या किरकोळ रजा आधी वापरा. अर्जित रजा बहुधा पुढे नेता येतात.

हे गणित शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी असणाऱ्यांसाठी आहे. शिवाय काही ऑफिसांत सँडविच नियम असतो: दोन रजांच्या मध्ये, काही ठिकाणी रजेला लागून आलेले शनिवार-रविवारही रजेतच धरतात. अर्ज करण्यापूर्वी एचआरला तेवढं विचारा.