कवेलू फेरताना खारीची पिलं खाली आली तर

मिरगाच्या आधी घरावर माणसं चढतात, फुटके कवेलू निघतात, आणि मयालीच्या सांध्यातून गवत, कापूस, चिंध्यांचा एक गोळा खाली पडतो. त्यात दोन-तीन गुलाबी, डोळे मिटलेली पिलं असतात. विदर्भातल्या खेड्यांत खारीची पिलं सापडतात ती बहुतेक अशीच. त्यांना अनाथ म्हणायची घाई करू नये. आई जवळच्या लिंबावर बसून चिकचिक करत असते आणि माणसं हलण्याची वाट पाहत असते. पिलं दातांत धरून एका घरट्यातून दुसऱ्यात नेणं खारीला नवीन नाही. आपलं पहिलं काम एवढंच, की तिला ते करता यावं.

पहिली दहा मिनिटं

त्या बाजूचं काम थांबवा. कुत्र्याला बांधा, मांजर घरात कोंडा, पोरांना लांब बसवा. पिलं दुपट्ट्यात किंवा मऊ सुती कापडात धरून उचला आणि सावलीत आणा. माणसाचा वास लागला की आई पिलू टाकून देते, हा समज खरा नाही. खार पिलू परत नेते, पक्षीही परत भरवतात. डोळे उघडलेलं पिलू चावू शकतं, म्हणून कापड हवंच. चावलंच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

आता प्रत्येक पिलू पालथं-उताणं करून नीट बघा. रक्त, लोंबणारा पाय, फुगलेलं डोकं किंवा अंगाला चिकटलेले पांढरे, भाताच्या कणीसारखे पुंजके दिसले, तर ते पिलू आईसाठी ठेवायचं नाही, सरळ फोन करायचा. ते पुंजके माशीची अंडी असतात आणि उन्हाळ्यात त्यांतून काही तासांत अळ्या निघतात. मांजराच्या तोंडातून सुटलेल्या पिलाचंही तेच. वरून ओरखडाही दिसत नसला, तरी मांजराच्या दातांतले जंतू आत गेलेले असतात. औषधाविना असं पिलू एक-दोन दिवसांत दगावतं, म्हणून त्याच दिवशी ते डॉक्टरांच्या हाती पडायला हवं.

आईसाठी टोपली

पिलं धडधाकट असतील तर बांबूची एक छोटी, उथळ टोपली घ्या. स्टीलचं भांडं किंवा प्लास्टिकची बादली नको, गुळगुळीत काठावर खारीची नखं धरत नाहीत. खाली पडलेलं घरटं तसंच उचलून टोपलीत ठेवा. ते विस्कटलं असेल तर जुन्या धोतराचा तुकडा घाला, पण त्याचे दोरे सुटलेले नसावेत. दोरा पिलाच्या पायाला गुंडाळला की पाय काळा पडतो.

टोपली मूळ जागेच्या जितकी जवळ बांधता येईल तितकी बांधा. भिंतीला लागून असलेलं झाड किंवा ओसरीचा लाकडी खांब उत्तम. सहा-सात फूट उंची पुरते. बांधण्याआधी तिथे मुंग्यांची रांग नाही ना, ते बघा. मुंग्या असतील तर जागा बदला. मुंग्यांचा खडू किंवा पावडर टोपलीजवळ लावू नका, ते विष पिलांच्याही अंगात जातं.

ऊब द्यायची की सावली, हे वेळेवरून ठरवा. मे महिन्याच्या दुपारी पारा चव्वेचाळीसच्या वर असताना टिनाखाली ठेवलेली पिलं उन्हाने मरतात, तेव्हा फक्त दाट सावली आणि वारा हवा. पाऊस येऊन गेल्यावर किंवा पहाटे मात्र केस नसलेलं पिलू लवकर थंड पडतं. तेव्हा कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टोपलीच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम वाटलं तर पिलाला सरकता येईल. बाटली मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद लागली पाहिजे, चटका बसता कामा नये.

मग तिथून निघा. तीस-चाळीस फुटांवरून किंवा खिडकीआडून बघा. समजा, सकाळी नऊला तीन पिलं पडली आणि साडेनऊला टोपली बांधली. आई साधारण तासा-दोन तासांत फिरकते, आधी लांबून ओरडते, मग येऊन एक पिलू उचलून जाते. पुढचं न्यायला तिला वेळ लागतो, कारण आधी दुसरी जागा तयार हवी. इथेच चूक होते. ‘दोन राहिली, आई विसरली’ असं समजून लोक ती घरात आणतात. ती तिथेच असू द्या. दुपारी एकपर्यंत आई एकदाही आली नाही आणि पिलं गुलाबी, बिनकेसांची असतील, तर मात्र थांबू नका. खार दिवसा फिरणारा जीव आहे, दिवस मावळल्यावर ती येणार नाही. पिलं संध्याकाळी सापडली तर रात्री उबदार, काळोख्या खोक्यात ठेवा आणि तांबडं फुटताच टोपली पुन्हा बांधा.

आई मेलेली दिसली, तर वाट बघण्यात अर्थ नाही. डोळे उघडे, शेपटी झुपकेदार आणि पळून झाडावर चढणारं पिलू उचलायचंच नाही. पण तेवढंच पिलू माणसाच्या पायाला येऊन चिकटत असेल, तर ते उपाशी आहे आणि त्याला मदत हवी.

दूध नको

गाईम्हशीचं दूध देऊ नका. ते त्याला पचत नाही, पोट फुगतं, हगवण लागते आणि अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं. मदत लवकर येणार असेल तर काहीच देऊ नका. मदतीला चार-पाच तास लागणार असतील, पिलू हाताला उबदार लागत असेल आणि मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहत असेल, तरच ओआरएस द्या. पूर्ण पाकीट एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात घाला. बिनसुईची 1 मिलीची सिरिंज घ्या, पिलू पोटावर, डोकं किंचित वर असं धरा आणि ओठांवर थेंब थेंब सोडा. 20 ग्रॅमच्या पिलाला एका वेळी 1 मिलीच्या वर नको. नाकातून पाणी आलं किंवा श्वासाबरोबर टिकटिक आवाज आला, तर पाणी फुप्फुसात गेलंय. लगेच थांबा आणि डोकं खाली करून नाक पुसा. थंड पडलेल्या पिलाच्या तोंडात काहीही घालू नका, आधी ऊब द्या.

पक्ष्याच्या पिलाच्या चोचीत तर पाणी कधीच टाकू नका. त्याची श्वासनळी जिभेच्या बुडाशीच उघडते. पिसं न आलेलं पिलू घरट्यात परत ठेवा. घरटं मोडलं असेल तर गवत घातलेली तीच छोटी टोपली त्याच फांदीला बांधा. टोपलीच्या तळाला छिद्रं हवीत, नाहीतर पावसाचं पाणी साचतं. पिसं आलेली, आखूड शेपटीची, टुणटुण उड्या मारणारी साळुंकी किंवा बुलबुल उडायला शिकत असते. तिला फक्त मांजराच्या वाटेतून उचलून फांदीवर ठेवा.

फोन कुणाला

वनविभागाचा 1926 हा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक लावा, किंवा आपल्या बीटच्या वनरक्षकाला सांगा. गाव, तालुका, प्राणी कोणता, किती पिलं, डोळे उघडे की मिटलेले, जखम कुठे आणि पिलं किती वाजता सापडली, हे ओळीने सांगा. काय पाजलं असेल तर तेही लपवू नका. नागपूरजवळ असाल तर सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये जखमी वन्यजीवांवर उपचार होतात. लांबच्या तालुक्यात कुठे न्यायचं हे वनरक्षक सांगतील. जखम ताजी असेल, तर तोवर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात प्राथमिक उपचार करून घेता येतील. पिलू घरी वाढवायचा मोह आवरा. खार वन्यजीव आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय असे जीव घरी ठेवणं अडचणीत आणू शकतं.

नेताना चपलांच्या खोक्याला आठ-दहा छिद्रं पाडा, आत फडकं घाला, झाकण सुतळीने बांधा. दुचाकीवर मागे बसलेल्या माणसाने खोका मांडीवर, दुपट्ट्याआड धरावा. वाटेत उघडून बघू नका, अंधारात पिलू शांत राहतं.