लर्निंग लायसन्सची परीक्षा : ‘आधी कोण जाणार?’

चिन्हं पाठ असली तरी चौकाच्या प्रश्नात पुष्कळ जण अडकतात. पर्याय वाचण्याआधी प्रश्नातल्या गोष्टी या क्रमाने शोधा आणि पहिली जी सापडेल तिथेच थांबा:

१. वाहतूक पोलीस हात दाखवतोय का? मग सिग्नल काहीही असो, त्याचंच ऐकायचं.
२. सिग्नल चालू आहे का? लुकलुकणारा लाल असेल तर पूर्ण थांबून मग पुढे, लुकलुकणारा पिवळा असेल तर वेग कमी करून जपून पुढे.
३. तुमच्या बाजूला अष्टकोनी ‘थांबा’ किंवा उलट्या त्रिकोणाचं ‘रस्ता द्या’ चिन्ह आहे का?
४. तुम्ही गल्लीतून मुख्य रस्त्यावर येताय का? मुख्य रस्त्यावरचे आधी.
५. यातलं काहीच नाही? मग उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या.

समजा, दादरच्या आतल्या भागात दोन सारख्याच रस्त्यांचा चौक आहे. सिग्नल नाही, पोलीस नाही. तुम्ही स्कूटरवर सरळ निघालाय, डावीकडून टेम्पो येतोय, उजवीकडून रिकामी टॅक्सी. पहिल्या चार पायऱ्यांवर काहीच मिळत नाही, म्हणून टॅक्सी आधी. टेम्पोच्या उजवीकडे तुम्ही आहात, तेव्हा त्याने तुम्हाला वाट द्यायची. वाहन किती मोठं, याचा इथे संबंध नाही. मुंबईत बेस्टची बस दिसली की आपण आपसूक थांबतो आणि नेमकं तेच उत्तर निवडून बसतो.

गोल चौकाला मात्र पाचवी पायरी जशीच्या तशी लावू नका. तिथे आधीपासून आत फिरणाऱ्या वाहनाचा हक्क पहिला. आणि सायरन वाजवत येणाऱ्या रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन गाडीला कुठेही वाट द्यायचीच.