मृगाआधी गोठ्यावर पत्रे घालताय? आधी लॅप मोजा, मग नग सांगा

वळीव सुरू झाला की पत्र्याच्या दुकानात गर्दी होते. दुकानदार चौरस फुटांवर हिशेब करून देतो आणि पत्रे कमी पडतात. मग मिस्त्री लॅप, म्हणजे एक पत्रा दुसऱ्यावर चढतो तेवढा भाग, ओढून-ताणून वेळ मारून नेतो आणि आषाढात कडब्याची गंजी बुरशीने काळी पडते. बुरशीचा पट्टा लॅपच्या बरोबर खाली, सरळ रेषेत दिसला तर दोष पत्र्याचा नाही, लॅपचा आहे.

एक गोठा धरा. लांबी 40 फूट, दोन्ही टोकांना सहा-सहा इंच बाहेर, म्हणजे 41 फूट. दोन पाखी. आढ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंत एका पाखीची तिरपी लांबी 14 फूट 10 इंच. ही लांबी कैचीवरूनच मोजा, जमिनीवरून घेतली तर कमी भरते. पत्रा दहा नळ्यांचा, 32 इंच रुंद, 8 फूट लांब.

चौरस फुटांच्या हिशेबाने 57 पत्रे येतात. आता लॅप धरून बघा. शेजारच्या पत्र्यावर दीड नळी, म्हणजे साडेचार इंच चढवायची. पहिला पत्रा 32 इंच झाकतो, पुढचा प्रत्येक साडेसत्तावीसच. 41 फूट म्हणजे 492 इंच, त्यातून 32 गेले की 460 उरले. त्याला साडेसत्तावीसने भागा: 16.7, म्हणजे 17. पहिला मिळवून एका ओळीत 18 पत्रे. उतारावर 8 फुटी दोन पत्रे, 9 इंच लॅप धरून 15 फूट 3 इंच होतात, पाखी झाकली जाते. 18 गुणिले 2 ओळी गुणिले 2 पाखी: 72 पत्रे. पंधरांचा फरक!

घाटमाथ्याकडे किंवा उतार कमी असेल तिथे मी दोन नळ्या चढवायला सांगतो. मग ओळीत 19, एकूण 76 पत्रे लागतात. पुस्तकात दीड नळी चालते, पण तिरका वारा पाणी आत ढकलतो, हे शेतात दिसतं.

लॅप आखूड ठेवून वर सीलंटच्या ट्यूबा आणि चिकटपट्ट्या घ्यायला लावतात. उन्हात त्या तडकतात. तोच पैसा पत्र्यात घाला.

लावताना:
- वळचणीकडून आढ्याकडे, वरचा पत्रा खालच्यावर.
- आढं पूर्व-पश्चिम असेल तर पूर्वेच्या टोकापासून सुरुवात. लॅपची उघडी कड पावसाळी वाऱ्याच्या पाठीला राहते.
- उतारावरच्या लॅपखाली अँगल हवाच.
- जे-हूक नळीच्या उंचवट्यावर, डांबरी वायसरसह. खोलगट भागात भोक नको.
- आढ्याचे कोनपत्रे वेगळे मोजा, तेही लॅप धरून.

काम झालं की भर दुपारी आत उभे राहून वर बघा. दोन पत्र्यांच्या सांध्यात उजेडाची रेघ दिसली तर मिस्त्रीला पैसे देण्याआधी तो पत्रा पुन्हा बसवून घ्या.