पाड्यावरील आरोग्य शिबिराचा खर्च कसा आखावा

आरोग्य शिबिराचे अंदाजपत्रक बहुधा औषधांच्या यादीपासून सुरू होते आणि पाठपुरावा शेवटच्या ओळीत ‘उरल्यास’ म्हणून लिहिला जातो. रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी असलेल्या शिबिरात हा क्रम उलटा ठेवावा. एकदाच घेतलेल्या नोंदीवरून रक्तदाबाचे निदान सहसा पक्के करता येत नाही, आणि निदान झाले तरी गोळी रोज घ्यावी लागते. त्यामुळे पुन्हा भेट होणार नसेल, तर पहिल्या दिवशी वाढलेला आकडा सांगून रुग्णाच्या हाती केवळ काळजी पडते. पुढील आखणी नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यातील एका पाड्यासाठी, दीडशे रुग्ण गृहीत धरून केली आहे. दर अंदाजाचे आहेत. प्रत्येकाने स्थानिक दरपत्रके घेऊन ते बदलावेत.

तारीख आधी, रुपये नंतर

पेठ-सुरगाण्याकडे जुलैत भाताची आवणी चालते आणि दिवाळीनंतर अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे उतरतात. नोव्हेंबरात शिबिर घेतले, तर पाठपुराव्याच्या वेळी निम्म्या दारांना कुलपे दिसण्याची शक्यता असते. म्हणून आवणी आटोपल्यावर, ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी शिबिर, त्यानंतर पंधराव्या दिवशी पहिली भेट आणि साधारण पंचेचाळिसाव्या दिवशी दुसरी भेट, असा बेत धरावा. दोन्ही भेटी दिवाळीआधी आटोपतात. तालुका आरोग्य अधिकारी, ग्रामपंचायत आणि जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र यांना आधीच लेखी कळवावे. आरोग्य केंद्र पुढील औषधे देणार की नाही, यावर औषधांचा आकडा ठरतो, हे त्यामागचे खरे कारण आहे.

पाठपुराव्याची रक्कम बाजूला काढणे

नाशिकपासून पेठ सुमारे ५५ किलोमीटर आहे आणि पाडा त्याच्याही पुढे आहे. एका भेटीला जीपचे दिवसाचे भाडे इंधनासह ३,५०० रुपये, परिचारिकेचे मानधन १,००० रुपये, चौघांचे जेवण-चहा ६०० रुपये, घरोघरी निरोप देणाऱ्या गावातील कार्यकर्त्याला ५०० रुपये आणि फोनसाठी २०० रुपये, असे ५,८०० रुपये होतात. दोन भेटींचे ११,६०० रुपये. ही रक्कम शिबिराच्या दिवसासाठी उचलू नये म्हणून खजिनदाराने ती वेगळी नोंदवावी.

शिबिरात ज्यांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला होता त्यांची पहिल्या भेटीत फेरतपासणी होते. दुसऱ्या भेटीत गोळी सुरू आहे का आणि रुग्ण आरोग्य केंद्रात पोहोचला का, हे पाहिले जाते. १८०/११० किंवा त्यापुढचा आकडा मात्र भेटीची वाट पाहत ठेवू नये. त्या रुग्णाला शिबिरातील डॉक्टरांनी त्याच दिवशी पाहावे आणि गरज भासल्यास गाडीने आरोग्य केंद्रात पाठवावे.

औषधे: मधल्या काळापुरती घ्यावीत

महिन्या-दोन महिन्यांची औषधे वाटणे उदार दिसते, पण पुढे ती कोण देणार, हा प्रश्न तसाच राहतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. म्हणून शिबिराने रुग्णाला आरोग्य केंद्राशी जोडून द्यावे आणि मधल्या पंधरा दिवसांपुरत्याच गोळ्या द्याव्यात. जुन्या रुग्णांपैकी ज्यांची गोळी खंडित झाली आहे आणि डॉक्टर ज्यांना ती पुन्हा लिहून देतील, असे वीस जण धरले, तर रोज एक याप्रमाणे अॅम्लोडिपिनच्या ३०० गोळ्या लागतात. मधुमेहाच्या आठ जणांना मेटफॉर्मिन दिवसातून दोनदा धरल्यास २४० गोळ्या लागतात. दहा गोळ्यांची पट्टी दहा रुपयांना धरली, तर या सर्वांचे ५४० रुपये होतात. जेनेरिक गोळ्यांचा खर्च इतका कमी असतो की त्यात काटकसर करण्यासारखे काहीच उरत नाही.

खरजेच्या मलमाकडे मात्र दुर्लक्ष होते. पावसाळ्यात खरजेचे रुग्ण येतात आणि एकट्या रुग्णाला मलम देऊन उपयोग नसतो. घरातील सर्वांनी एकाच दिवशी लावले नाही, तर खाज परत येते. सहा रुग्ण आले, तर पाच जणांच्या कुटुंबाप्रमाणे परमेथ्रिनच्या ३० ट्यूब हव्यात. ४० रुपयांच्या दराने १,२०० रुपये. पॅरासिटामॉल, ओआरएस, आम्लपित्ताच्या गोळ्या आणि अन्य किरकोळ औषधे धरून एकूण ७,००० रुपये ठेवावेत. औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि फार्मासिस्टच्या हातूनच द्यावीत. सलाईन आणि इंजेक्शनची मागणी गावकरी हमखास करतात. ती आधीच नम्रपणे नाकारावी, कारण शिबिरात त्यांची सोय नीट होत नाही.

रक्तशर्करा तपासणीच्या पट्ट्या शंभर जणांसाठी आणि फेरतपासणीसाठी ११० लागतील, परंतु त्या पन्नासच्या डब्यांत येतात. तीन डबे, १५० पट्ट्या, २० रुपयांप्रमाणे ३,००० रुपये. उरलेल्या चाळीस पट्ट्या दोन भेटींत वापराव्यात. ओलाव्याने त्या बिघडतात, म्हणून डबी लगेच घट्ट बंद करावी आणि पट्टी काढल्याबरोबर वापरावी.

जागा, माणसे आणि बाकीचे

रविवारी जिल्हा परिषदेची शाळा किंवा समाजमंदिर बहुधा विनाभाडे मिळते, पण विनाभाडे म्हणजे विनाखर्च नव्हे. पावसासाठी ताडपत्री, खुर्च्या, टेबले आणि तपासणीच्या आडोशाचे पडदे यांना ४,००० रुपये, साफसफाईला ५०० रुपये, पिण्याचे पाणी व विजेच्या तारांना १,००० रुपये, असे ५,५०० रुपये होतात. महिलांच्या तपासणीसाठी दार लावता येणारी खोली आहे ना, हे पाहणीच्या दिवशीच बघावे. त्या पाहणीला ८०० रुपये लागतील.

तीन डॉक्टर आणि बारा स्वयंसेवक मानधन घेणार नाहीत, असे धरले तरी दोन गाड्यांचे ७,००० रुपये आणि वीस जणांच्या जेवणाचे ३,००० रुपये टळत नाहीत. फार्मासिस्टला १,५०० आणि परिचारिकेला १,००० रुपये द्यावेत. स्वयंसेवकांपैकी दोघे कोकणा किंवा महादेव कोळी आदिवासींची बोली समजणारे असावेत. त्याने वेळही वाचतो आणि रुग्णांची लाजही कमी होते. हातमोजे, लॅन्सेट, कापूस आणि कचऱ्यासाठी १,५०० रुपये, तर नोंदवही आणि रुग्णकार्डांसाठी १,००० रुपये ठेवावेत. वापरलेल्या लॅन्सेट सुई भेदू शकणार नाही अशा पांढऱ्या डब्यात टाकून, आधी ठरवल्याप्रमाणे आरोग्य केंद्राकडे सोपवाव्यात.

रुग्णकार्डावर गोळीचे नाव, मात्रा आणि मोजलेला आकडा स्पष्ट लिहावा. दिवाळीनंतर बागेवर गेलेल्या माणसाला तेथील आरोग्य केंद्रात तेच कार्ड दाखवून औषध मागता येते.

बेरीज आणि कात्री

पाठपुरावा ११,६००, औषधे ७,०००, पट्ट्या ३,०००, जागा ५,५००, गाड्या ७,०००, जेवण ३,०००, मानधन २,५००, हातमोजे आदी साहित्य १,५००, कागदपत्रे १,००० आणि पाहणी ८०० मिळून ४२,९०० रुपये होतात. त्यावर दहा टक्के आकस्मिक खर्च धरला, तर ४७,१९० रुपये होतात. देणगी पस्तीस हजारांवर थांबली, तर रुग्णांची टोकन दीडशेवरून शंभरावर आणावीत आणि स्वयंसेवक कमी करून एकाच गाडीत सर्वांना बसवावे. एवढ्याने भागले नाही, तर आकस्मिक रकमेला हात लावावा, मात्र पाठपुराव्याला लावू नये. तीन डॉक्टरांऐवजी दोघे आले तरी शिबिर होते.

दुसऱ्या भेटीनंतर उरलेली, न उघडलेली औषधे मुदत तपासून आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वीकारल्यास पावती घेऊन द्यावीत. ती पावती हिशेबाच्या फायलीत बिलांसोबत लावावी.