चार जणांनी लिहिलेल्या व्हिडिओंचा आवाज एकच कसा ठेवावा

समजा, पाठीवरच्या सॅकसाठी तीस-तीस सेकंदांचे आठ प्रमोशनल व्हिडिओ करायचे आहेत आणि ते चार जण लिहिणार आहेत. पावसातल्या वापराबद्दल तीन लेखकांकडून या तीन ओळी येतात:

"सॅक भिजेल. लॅपटॉप भिजणार नाही."

"मित्रांनो, आता पावसाची चिंता कशाला? आली आहे आमची क्रांतिकारी सॅक!"

"सदर सॅकमध्ये जलरोधक अस्तर उपलब्ध आहे."

माहिती तिन्हींत एकच आहे, पण बोलणारी माणसं तीन वाटतात. पहिला शेजारी बसून सांगतोय, दुसरा मंचावरून ओरडतोय आणि तिसरा माहितीपत्रक वाचून दाखवतोय. पाहणाऱ्याला हे व्हिडिओ एकामागून एक दिसले, तर ते एकाच ब्रँडचे आहेत हे फक्त लोगोवरून कळेल.

अशा वेळी बहुतेक टीम "आपला आवाज आपुलकीचा, विश्वासार्ह आणि ताजा असेल" असं लिहून सगळ्यांना पाठवतात. त्याने काही होत नाही, कारण वरच्या तिन्ही लेखकांना आपली ओळ आपुलकीचीच वाटते. विशेषणांवर सगळ्यांचं एकमत होतं आणि फरक वाक्यात उरतो, म्हणून ठरवायचं ते वाक्याच्या पातळीवर.

आधी एक स्क्रिप्ट पूर्ण करा

आठही स्क्रिप्ट एकदम वाटून देऊ नका. एकाच लेखकाकडून एक लिहून घ्या, चौघांनी बसून ती मोठ्याने वाचा आणि सगळ्यांना पटेपर्यंत दुरुस्त करा. निवेदन सावकाश आणि स्पष्ट वाचलं, तर तीस सेकंदांत मराठीचे साधारण साठ शब्द बसतात. एवढ्या मजकुरासाठी एक दुपार घालवली तरी चालेल. पुढचं प्रत्येक वाक्य याच स्क्रिप्टशी ताडून पाहायचं असल्याने ही नमुना स्क्रिप्ट कुठल्याही नियमावलीपेक्षा जास्त कामाची ठरते.

मग एका पानावर निर्णय लिहा

नमुना स्क्रिप्ट समोर ठेवून तिच्यात आपण नकळत काय काय ठरवलं ते शोधायचं. मराठीत सर्वांत आधी ठरवायचं ते संबोधन: पाहणाऱ्याला 'तू' म्हणायचं, 'तुम्ही' की 'आपण'? 'आपण'ला जास्त जपा. "आपण ही सॅक घरी धुऊ शकता" यात 'आपण' म्हणजे आदरार्थी तुम्ही. "आपण ही सॅक धुऊन पाहू" यात तेच 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून. दोन लेखकांनी ते दोन अर्थांनी वापरलं, की एका व्हिडिओत ब्रँड अदबीने दूर उभा राहतो आणि दुसऱ्यात गळ्यात हात टाकतो. माझा सल्ला असा, की पाहणाऱ्यासाठी 'तुम्ही' पक्कं करा आणि आदरार्थी 'आपण' पूर्ण बंद ठेवा.

दुसरा निर्णय ब्रँडने स्वतःला काय म्हणायचं याचा. 'आम्ही' म्हणायचं, नाव घ्यायचं, की स्वतःचा उल्लेखच टाळून वस्तूबद्दल बोलायचं? वरच्या पहिल्या ओळीत 'आम्ही' नाही. ती ओळ नमुना धरली, तर "आम्ही खास तुमच्यासाठी बनवलेली" हा शब्दप्रयोग आठही व्हिडिओंतून जातो.

तिसरा निर्णय वस्तूच्या शब्दांचा. सॅक की बॅग? चेन की झिप? पट्टा की स्ट्रॅप? प्रत्येकासाठी एकच शब्द निवडा आणि यादी दहा शब्दांच्या आत ठेवा. त्याहून लांब यादी कुणी उघडून पाहत नाही. बोलण्यातलं 'केलं, घेतलं' की लेखी 'केले, घेतले' हेही इथेच ठरवा. निवेदक 'उघडलं' म्हणतो आणि खालच्या पट्टीवर 'उघडले' दिसतं, हा घोटाळा नेहमी होतो, कारण कॅप्शन बहुधा वेगळाच माणूस टाकतो.

प्रत्येक निर्णयाखाली 'असं' आणि 'असं नाही' अशी एकेक ओळ द्या. "उद्गारचिन्ह टाळा" एवढंच लिहिलं तर लेखक चिन्ह काढतो, पण वाक्य ओरडतच राहतं. जोडी दिली की काय बदलायचं ते दिसतं.

ओळ दुरुस्त कशी करायची

तिसऱ्या लेखकाची ओळ घ्या: "सदर सॅकमध्ये जलरोधक अस्तर उपलब्ध आहे." 'सदर' काढून 'या' घातलं आणि 'उपलब्ध आहे'चं 'आहे' केलं, तरी ती माहितीपत्रकाचीच राहते, कारण वाक्याचा कर्ता अजून अस्तर आहे. नमुन्यातल्या ओळीत गोष्ट घडते: काहीतरी भिजतं, काहीतरी वाचतं. म्हणून त्या लेखकाला विचारा, अस्तर आहे म्हणून कुणाचं काय वाचतं? उत्तर येईल, "आतली वही कोरडी राहते." तिथून ओळ होते: "बाहेर धो धो पाऊस. आत वही कोरडी." शब्द त्याचेच, आवाज मालिकेचा.

दुसऱ्या लेखकाच्या ओळीत 'क्रांतिकारी' खटकतो, पण खरी अडचण सुरुवातीच्या प्रश्नाची आहे. छोट्या व्हिडिओत लेखकाची सवय पहिल्या आणि शेवटच्या ओळीत सर्वांत ठळक दिसते. "तुम्हालाही असं होतं का?" ही सुरुवात तर सगळ्यांच्याच हाताला पटकन लागते. आवाज एक ठेवणं म्हणजे आठही व्हिडिओ एकाच साच्यातून काढणं नव्हे, म्हणून आठांपैकी फार तर दोनांची सुरुवात प्रश्नाने होऊ द्या.

प्रसंगानुसार सूर मात्र बदलायला हवा. शिलाई उसवली तर काय करायचं, हे सांगणाऱ्या व्हिडिओत गंमत नको. "शिलाई उसवली? फोटो पाठवा. दुरुस्त करून देतो." छोटी वाक्यं, आधी गोष्ट मग उपाय, 'आम्ही' नाही. सूर गंभीर झाला, माणूस तोच राहिला.

शेवटचा हात एकाचाच

स्क्रिप्ट जशा येतील तशा एकेक मंजूर केल्या, तर आवाज हळूहळू सरकतो. पाचवी चौथीसारखी वाटते, सहावी पाचवीसारखी, आणि आठवी पहिलीपासून बरीच दूर गेलेली असते. म्हणून आठही आल्यावर एकाच माणसाने एका बैठकीत, घड्याळ लावून, मोठ्याने वाचाव्यात. जीभ जिथे अडखळेल तिथे खूण करायची, दुरुस्ती नंतर. नमुना स्क्रिप्ट शेजारी हवीच, नाहीतर सगळं त्या संपादकाच्या सवयीकडे झुकतं.

मग लेखकांची नावं काढून आठही स्क्रिप्ट टीमबाहेरच्या कुणाला तरी द्या आणि एकाच माणसाने लिहिलेल्या वाटतात त्यांचे गठ्ठे करायला सांगा. गठ्ठे खऱ्या लेखकांप्रमाणे पडले, तर कोणत्या ओळीवरून ओळखलं ते विचारा. बहुतेक वेळा बोट दोन-तीन ओळींवरच पडतं आणि तेवढ्याच बदलाव्या लागतात.

रेकॉर्डिंगच्या वेळी निवेदक तोंडात बसत नाही म्हणून एखादा शब्द बदलतो. बदल चांगला असेल तर ठेवा, पण त्याच दिवशी पानावर आणि उरलेल्या स्क्रिप्टमध्येही करा. एका टीममध्ये आम्ही हे विसरलो, आणि एकाच मालिकेत चेन आणि झिप दोन्ही ऐकू आले.

मालिका सुरू असताना पाचवा लेखक आला, तर त्याला पान वाचून दाखवत बसू नका. दोन मंजूर स्क्रिप्ट शेवटची ओळ झाकून द्या, ती ओळ लिहायला सांगा आणि मग मूळ ओळ उघडून दोघांनी मिळून ताडून पाहा.