बाण वर-खाली जातोय? वाऱ्याला दोष देण्याआधी हे बघा

कोकणात तिरंदाजी शिकणाऱ्याला एक कारण आयतं मिळतं. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की नेम चुकला, असं सगळेच म्हणतात. पण नवखा माणूस उभा असतो जेमतेम वीस मीटरवर. एवढ्या अंतरात आडवा वारा बाणाला ढकललंच तर थोडंसं बाजूला ढकलतो. तुमचे बाण एकाखाली एक, उभ्या रेषेत पसरत असतील तर वाऱ्याला सोडा आणि स्वतःच्या हनुवटीकडे बघा.

पहिली चूक म्हणजे फक्त गुणांची बेरीज करणं. ८० सेंटीमीटरच्या कागदी टार्गेटवर मधल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटीमीटर असतो आणि त्यापुढचं प्रत्येक कडं ४ सेंटीमीटर रुंद. पिवळ्यात १० आणि ९, मग लाल, निळा, काळा, पांढरा, प्रत्येक रंगात दोन-दोन गुण. बाण रेषेला नुसता टेकला तरी वरचा गुण मिळतो, म्हणून गुण लिहून होईपर्यंत बाणाला हात लावायचा नाही.

आता समजा, एकाचे सहा बाण ९, ९, ८, ७, ६, ७, म्हणजे ४६ गुण. काही मध्याच्या वर, काही खाली. दुसऱ्याचे ६, ६, ६, ७, ६, ६, म्हणजे ३७, पण सगळे वर एकाच जागी. माझ्या मते दुसरा पुढे आहे. त्याने साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची सरकती खूण, थोडी वर सरकवली (बाण जिकडे जातात तिकडेच साइट न्यायची) की काम झालं. पहिल्याला साइट वाचवू शकत नाही. म्हणून बाण उपटण्याआधी वहीत एक गोल काढून कुठला बाण कुठे लागला ते ठिपक्यांनी मांडा.

ठिपके उभे पसरले असतील तर पहिला संशय अँकरवर. अँकर म्हणजे दोरी ओढल्यावर हात चेहऱ्यावर जिथे येऊन टेकतो ती जागा. टोकं पुढे वळलेल्या रिकर्व्ह धनुष्यात तर्जनी जबड्याच्या हाडाखाली घट्ट बसते, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला लागते. बाणाचं मागचं टोक इथेच ठरतं. हात ५ मिलिमीटर खाली आला तर बाणाचं पुढचं टोक वर उचललं जातं, आणि वीस मीटरवर बाण साधारण १५ सेंटीमीटर वर लागतो. दहाचा बाण थेट सातात!

हे ५ मिलिमीटर येतात कुठून? बहुतेक वेळा तोंडातून. एका बाणाला दात मिटलेले, पुढच्याला तोंड किंचित उघडं. जबडा खाली गेला की त्याला टेकलेला हातही खाली जातो. दर बाणाला दाढा हलक्या मिटलेल्या ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत घामाने बोट हाडाखालून सटकतं तेही यातच आलं. खिशात रुमाल ठेवा.

अँकर पक्का आहे आणि तरी शेवटचे बाण खाली जातायत? मग धनुष्य जड आहे. धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर लिहिलेलं ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, २८ इंच ओढीवरचं असतं. तुमची ओढ २६ इंच असेल तर २८ पाउंडाचं धनुष्य तुमच्या हातात साधारण २४ पाउंडच भरतं, कारण इंचामागे दोनेक पाउंडांचा फरक पडतो. थकल्यावर ओढ इंचभर कमी पडली की बाणाचा वेग घटतो आणि तोही दहा-पंधरा सेंटीमीटर खाली उतरतो. टार्गेट चुकून जांभ्यावर आपटला तर टोक गेलंच.

खात्री करायला पूर्ण ओढीवर धनुष्याच्या पुढच्या कडेशी बाणाचा जो भाग येतो तिथे रंगीत चिकटपट्टीचा बारीक वेढा घाला. बाजूला, नेमबाजाच्या रेषेतच उभं राहून कुणीतरी बघायचं: दर बाणाला पट्टी तिथेच येते, की शेवटी पुढे राहते? पुढे राहिली तर वजन कमी करा. बाण लावून, टार्गेटकडे रोखून अँकरवर दहा सेकंद न थरथरता थांबता आलं पाहिजे. मग दोरी हळू परत सोडायची. बाणाशिवाय दोरी मोकळी सोडायची नाही, पाती तडकतात.

बांबूच्या धनुष्यावर वजन लिहिलेलंच नसतं. त्यासाठी मासळी तोलायचा हुकाचा काटा चालतो. हुक दोरीच्या मधोमध अडकवून तुमच्या ओढीइतकं खेचा आणि आकडा वाचा. ११ किलो म्हणजे साधारण २४ पाउंड. सुरुवात करणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना १६ ते २४ पाउंड पुरतात. पुढे वाढवायचं तर एका वेळी दोनच पाउंड, आणि तेही चिकटपट्टी शेवटच्या बाणापर्यंत जागेवर यायला लागल्यावर.