व्हिडिओ कितव्या नंबरवर? दर रविवारी एक ओळ

कोथरूडच्या माझ्या बहिणीचा मिसळीचा व्हिडिओ यूट्यूबवर शोधल्यावर कितवा दिसतो, हे नोंदवायला आम्ही साधी शीट ठेवतो: तारीख, शोधशब्द, क्रमांक, शेरा. शोधशब्द चारच. त्यात ‘पुणेरी मिसळ रेसिपी’ आणि ‘puneri misal recipe’ यांच्या ओळी वेगळ्या, कारण देवनागरीत आणि रोमनमध्ये टाइप केल्यावर निकाल वेगळे येतात.

आधी ती स्वतःच्या फोनवर, लॉगिन असतानाच बघायची आणि व्हिडिओ तिसरा दिसायचा. यूट्यूब आपला पाहण्याचा इतिहास धरून निकाल लावतं, म्हणून तो वर येत होता. इन्कॉग्निटोमध्ये तोच चौदावा निघाला! म्हणून दर रविवारी सकाळी, त्याच लॅपटॉपवर, नवीन इन्कॉग्निटो खिडकी उघडूनच मोजा. जाहिराती आणि शॉर्ट्सची पट्टी मोजू नका. पहिल्या तिसांत व्हिडिओ नसेल तर ‘३०+’ लिहा. रकाना कोरा ठेवलात तर महिन्याभराने कळत नाही, व्हिडिओ सापडला नव्हता की बघायचंच राहिलं होतं.

शीर्षक किंवा थंबनेल बदललं की शेऱ्यात त्याच दिवशी नोंदवा. दोन-तीन क्रमांकांची वर-खाली आपोआप होत असते. सलग तीन आठवडे घसरण दिसली तरच शीर्षकाला हात लावा.